चौथ्या खुर्चीचं वांगं

कोरेगाव पार्कातल्या एका हॉटेलात मी कॅप्टन आहे. आमच्याकडे मेनूकार्ड देत नाहीत, टेस्टिंग मेनू असतो. म्हणजे शेफच्या मर्जीने एकापाठोपाठ एक सात पदार्थ येतात, घासभर घासभर, आणि दरवेळी तो काय आहे हे मी तोंडी सांगतो. सांगायला वीसेक सेकंद मिळतात, कारण प्लेट टेबलावर टेकली की ती निवायला लागते. मुख्य जिन्नस काय, त्याचं काय केलंय आणि खायचं कसं, एवढंच बोलायचं. पुण्यात मात्र ही वीस सेकंदं पहिल्या वाक्यालाच संपतात.

त्या रात्री लग्नाच्या वाढदिवसाला सहाजण आले होते. बुकिंगच्या वेळी ॲलर्जी विचारली तेव्हा ‘कुणाला काही नाही’ असं उत्तर होतं. हा प्रश्न टेबलावर परत विचारायचाच असतो, कारण फोन करणारा वेगळा आणि खाणारे वेगळे.

‘‘शेंगदाण्याने मला कधीकधी घशाला खाज येते,’’ सूनबाई हळूच म्हणाल्या.

‘‘अगं, आपल्या घरात शेंगदाण्याचंच तेल आहे की,’’ काकू म्हणाल्या, ‘‘तुला कधी काय झालंय?’’

काकूंचा मुद्दा वाटतो तितका चुकीचा नाही. रिफाइंड तेलातलं प्रथिन जवळजवळ सगळं निघून गेलेलं असतं, आणि ॲलर्जी येते ती त्या प्रथिनाची. घाण्याच्या तेलात ते उरतं, आणि आमच्या शेफला घाण्याच्या तेलाचा भारी अभिमान. ‘आवडत नाही’ म्हटलं तर आम्ही पदार्थ बदलतो, ‘पचत नाही’ म्हटलं तर कमी करतो. पण घशाला खाज म्हटल्यावर मिक्सरचं भांडं, कढई, चमचा, तळणीचं तेल सगळंच वेगळं काढावं लागतं. वरून कूट भुरभुरवला नाही म्हणजे झालं, असं इथे चालत नाही. मी तीळ आणि काजूचंही विचारून घेतलं. ते चालत होते. चिठ्ठीवर लाल पेनाने लिहिलं : खुर्ची चार, शेंगदाणा नाही.

आमच्याकडे माणसांना नावं नसतात, खुर्च्यांना नंबर असतात. दाराजवळची एक नंबर, तिथून घड्याळाच्या काट्याप्रमाणे पुढे.

पहिले दोन पदार्थ बरे गेले. तिसरा कोकमाचा बर्फाळ चुरा, जीभ स्वच्छ करायला.

‘‘म्हणजे गोळाच की!’’ काका म्हणाले. ‘‘काडी कुठाय?’’

चौथं वांगं. निखाऱ्यावर भाजलेलं, शेंगदाण्याच्या रश्श्यावर ठेवलेलं, सूनबाईंचं खसखस-खोबऱ्याच्या. ते गरम लागतं आणि किचनला आठेक मिनिटं हवी असतात, म्हणून टेबलावरच्या बहुतेकांनी चमचे खाली ठेवले की मी आत ‘फायर’ म्हणतो. चमचे ठेवलेले दिसले, मी म्हटलं. तेवढ्यात काकांना फोन आला आणि ते बोलत बोलत बाहेर गेले.

रिकाम्या खुर्चीसमोर गरम प्लेट ठेवायची नाही, हा नियम. म्हणून मी ‘होल्ड’ म्हटलं. दिव्याखाली सहा वांगी वाट पाहत राहिली. शेफ माझ्याकडे असं बघत होता की फोन जणू मीच केला होता. दोन-तीन मिनिटांत रश्श्यावर साय धरते, मग तो टाकून नव्याने घालावा लागतो. घातला.

काका आले. ‘‘या एसीचा झोत थेट मानेवर येतो हो,’’ म्हणाले आणि सरळ सुनेच्या खुर्चीत बसले. ती उठून पाच नंबरला गेली. हा बदल किचनला कळायचा काही मार्ग नाही. त्यांच्या लेखी चार नंबर म्हणजे चार नंबर.

म्हणून ॲलर्जीची प्लेट बाकीच्यांबरोबर ट्रेमध्ये येत नाही. ती मी वेगळी, हातात आणतो आणि खुर्ची न बघता माणूस बघून ठेवतो. पाच नंबरला ठेवली आणि मोठ्याने सांगितलं, ‘‘ताई, ही तुमची. यात शेंगदाणा अजिबात नाही.’’ चिठ्ठीवरही चाराचा पाच केला, कारण अजून तीन पदार्थ यायचे होते आणि शेवटच्यात चिक्की होती.

एवढ्यात मी बोलायला सुरुवात केली, ‘‘हे वांगं निखाऱ्यावर...’’

‘‘भरीत आहे, समजलं,’’ काका म्हणाले. ‘‘हिचं पांढरं का? मला तेच द्या.’’

‘‘काका, ते ताईंच्या ॲलर्जीसाठी वेगळं केलंय.’’

‘‘मग मलाही आहे म्हणून लिहा.’’

काकूंनी आपल्या चमच्यातला रस्सा चव बघायला म्हणून सुनेपुढे केला. हे मात्र कुठल्याच ट्रेनिंगमध्ये शिकवत नाहीत. सूनबाईंनी प्लेटवर हात आडवा धरला. मीही मध्ये पाण्याचा जग आणला आणि कुणाचाही ग्लास रिकामा नसताना भरत राहिलो.

काकूंनी चमचा मागे घेतला. ‘‘बरं, बाळा,’’ मला म्हणाल्या, ‘‘आता पोळ्या आण.’’