'आज मेरे ऊपर' की 'आज मेरी तरफ़ से': एका प्रतिक्रियेला उत्तर

वाचकाची प्रतिक्रिया: "लेख वाचला, पण पटला नाही. एवढ्याशा गोष्टीला भाषांतर कशाला लागतं? आमच्या भुसावळात सगळ्यांना हिंदी येते. बिल आलं की 'आज मेरे ऊपर' म्हणायचं, नाहीतर 'टीटीएमएम'. सगळे समजून घेतात. मित्रामित्रांत इतका काटेकोर हिशेब करणं बरंही दिसत नाही."

भाऊ, नमस्कार. हॉटेलात बिल कोण देणार आणि कसं वाटायचं हे हिंदी आणि गुजराती मित्रांना त्यांच्या भाषेत कसं सांगावं, यावर तो लेख होता. भुसावळचं तुमचं म्हणणं खरं आहे. रेल्वेमुळे तिथं देशभरातली माणसं येऊन राहिली आणि हिंदी सगळ्यांची झाली. पण तुम्ही दिलेल्या दोन वाक्यांपैकी पहिल्याचा अर्थ हिंदीत बदलतो आणि दुसऱ्याचा तर आपल्याच मराठी मित्रांत एक राहिलेला नाही. म्हणून दोन्हीकडे सावकाश पाहू.

आधी 'मेरे ऊपर'. मराठीत आपण 'आज माझ्याकडून' म्हणतो, 'आज माझ्यावर' नाही. मराठीत माणसावर येतं ते ओझं: कर्ज, आळ, जबाबदारी. 'शेवटी बिल माझ्यावर आलं' म्हटलं की ऐकणाऱ्याला कळतं, बाकीचे सटकले आणि हा सापडला. हिंदीतही तसंच. 'बिल मेरे ऊपर आ गया' ही तक्रार आहे, आणि 'मेरे ऊपर छोड़ दो' म्हणजे काम माझ्यावर सोपव. तुमचा चेहरा हसरा असेल तर मित्र ते समजून घेईल, पण मनापासून दिलेलं आमंत्रण त्या वाक्यात उतरत नाही. हिंदीत ते 'आज मेरी तरफ़ से' असं उतरतं. इथं 'तरफ़' स्त्रीलिंगी आहे, म्हणून 'मेरी'. आपल्या भागात 'मेरे तरफ से' सर्रास ऐकू येतं. त्याने अर्थ बिघडत नाही, फक्त बोलणारा मराठी आहे हे कळतं, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. याहून आपुलकीचं हवं असेल तर 'आज मैं खिला रहा हूँ' म्हणा, बाई बोलत असेल तर 'खिला रही हूँ'. मराठीत 'आज मी खाऊ घालतो' बरोबरीच्या मित्राला जरा वरून बोलल्यासारखं वाटतं. हिंदीतल्या 'खिलाना'ला तो वास नाही.

'माझ्याकडून' आणि 'माझ्याकडे' यांतला फरक मात्र पक्का ठेवा. 'रविवारी जेवण माझ्याकडे' म्हणजे घरी. त्याचं हिंदी 'मेरे यहाँ'. मनात हॉटेल असताना बऱ्हाणपूरच्या मित्राला 'संडे को खाना मेरे यहाँ' असं सांगितलं, तर तो हातात मिठाईचा पुडा घेऊन तुमच्या दारात उभा राहील. गुजराती मित्रासाठी 'आजे मारा तरफथी' हे सरळ आणि नेमकं आहे.

आता 'टीटीएमएम'. 'तुझं तू, माझं मी' या मराठीची ही आद्याक्षरं आणि हिंदीतल्या 'तू तेरा, मैं मेरा'ची हीच. त्यामुळे या दोन भाषांत ते चालून जातं. गुजरातीत 'मी'ला 'हुं' म्हणतात. तिथं ते 'तुं तारुं, हुं मारुं' होतं आणि अक्षरंच जुळत नाहीत. सुरतच्या मित्राला कानावर पडून ते माहीत असू शकतं, पण ते त्याच्या भाषेतून आलेलं नाही. त्याहून मोठी अडचण अशी की शब्दाचा अर्थ 'ज्याने जे खाल्लं त्याने तेवढं द्यायचं' असा असताना आपल्यातले अर्धे जण तो 'एकूण बिल भागिले माणसं' या अर्थाने वापरतात. एकच शब्द ऐकून दोघांनी दोन आकडे मनात धरले की मग काउंटरपाशी कुजबुज होते. म्हणून तो शब्द वापरलाच तर पुढे अर्धं वाक्य जोडा. 'टीटीएमएम, जिसने जो खाया वो दे' किंवा 'कॉन्ट्री कर लेते हैं, सबका बराबर-बराबर'.

आणि या 'बराबर'पाशी थांबायलाच हवं, कारण गैरसमज सगळ्यांत जास्त इथं होतो. हिंदीत 'बराबर' म्हणजे सारखं, समान. आपलं 'बरोबर' म्हणजे अचूक किंवा सोबत. गुजरातीत 'बराबर' बहुतेक वेळा 'ठीक, अचूक' याच अर्थाने येतं. तुम्ही सुरतच्या मित्राला बिल दाखवून 'बराबर?' विचारलंत, तर तो बेरीज तपासून 'बराबर' म्हणेल. तुम्हाला वाटेल समान वाटणीला त्याने होकार दिला, आणि त्याने तर फक्त बेरीज चुकली नाही एवढंच सांगितलेलं असतं. समान वाटणीसाठी गुजरातीत 'सरखे भागे वहेंची लइए' म्हणा. 'सरखे' आपल्या 'सारखे'च्या इतकं जवळ आहे की विसरायला होत नाही. 'आधा-आधा' किंवा गुजराती 'अडधुं-अडधुं' दोघं असतील तेव्हाच बोला.

'आपण' आणि 'आम्ही' हेही असंच. मराठी 'आपण देऊ'मध्ये समोरचा धरलेला असतो, 'आम्ही देऊ'मध्ये तो वगळलेला. गुजरातीत 'आपणे' आणि 'अमे' अगदी याच फरकाने चालतात, म्हणून तिकडे चिंता नाही. प्रमाण हिंदीत दोन्हींना एकच 'हम'. शिवाय उत्तर प्रदेश-बिहारकडची माणसं एकट्यासाठीही 'हम' म्हणतात. तुमच्या रेल्वेतल्या मित्राने 'हम दे देंगे' म्हटलं तर त्यातून तीन अर्थ निघतात: मी एकटा देतो, आम्ही दोघं देतो, सगळे मिळून देऊ. तुम्ही स्वतः बोलताना एकट्याने द्यायचं असेल तर 'मैं', सगळ्यांनी द्यायचं असेल तर 'सब मिलके' म्हणा. मध्य प्रदेशाकडच्या मित्रांत 'अपन' चालतं आणि त्यात समोरचा धरलेला असतो. ऐकणारे आपण असू, तर 'हम मतलब आप अकेले?' असं विचारून घेतलं की कोणालाही राग येत नाही.

काटेकोर हिशेबाबद्दलची तुमची हरकत मी एका बिलावरच तपासतो. जळगावात पाच जण जेवायला बसले. तीन मराठी, एक बऱ्हाणपूरचा, एक सुरतचा शाकाहारी. दोन शेवभाजी ३६० रुपये, एक भरीत २००, बारा भाकरी ३००, पाच ताक १०० आणि एक चिकन हंडी २६०. बेरीज १२२०. त्यावर पाच टक्के जीएसटी ६१. एकूण १२८१. चिकन दोघांनीच खाल्लं.

सरळ पाचाने भागलं तर प्रत्येकी २५६ रुपये आणि वर थोडे पैसे. म्हणजे जो चिकनला शिवलासुद्धा नाही त्यानेही त्यातला पाचवा हिस्सा भरला. खरा हिशेब करायचा तर चिकनचे २६० आणि त्यावरचा जीएसटी १३ असे २७३ बाजूला काढायचे. उरलेले १००८ पाच जणांत वाटले की प्रत्येकी २०१ रुपये ६० पैसे. चिकनवाल्या दोघांचे प्रत्येकी १३६ रुपये ५० पैसे जास्तीचे, म्हणजे एकेकाचे ३३८ रुपये १० पैसे. टेबलावर हे आणे-पैसे कोणी बोलत नाही. तिघांचे दोनशे-दोनशे, दोघांचे तीनशे चाळीस. बेरीज १२८०, वरचा एक रुपया ज्याने स्कॅन केलं त्याचा. जीएसटी हिशेबात धरायला लोक विसरतात, आणि मग स्कॅन करणाऱ्यालाच पदरचे घालावे लागतात.

हे सगळं एका वाक्यात मावतं. हिंदीत 'चिकन वालों का अलग, बाकी सबमें बराबर'. गुजरातीत 'चिकन जेणे खाधुं एनुं अलग, बाकीनुं सरखे भागे'. मराठीत 'चिकन ज्याने खाल्लं त्याने, बाकी सगळ्यांत'. यात कोणाला कंजूष ठरवलेलं नाही. उलट शाकाहारी मित्राला स्वतःच्या तोंडाने 'मी खाल्लं नाही' म्हणावं लागत नाही, आणि ते बोलून दाखवणं पाहुण्याला सगळ्यांत जड जातं. म्हणून ही ओळ यजमान बाजूच्या आणि चिकन खाल्लेल्या माणसाने म्हणावी. चहा-नाश्ता असेल तर मात्र तुमचं खरं आहे, तिथं मोजत बसू नये.

वेळही महत्त्वाची. 'आज मेरी तरफ़ से' म्हणायचं असेल तर ऑर्डर देण्याआधी म्हणा, बिल आल्यावर नाही. आधी कळलं की समोरचा त्या बेताने मागवतो. नंतर कळलं तर त्याला उगीच अपराधी वाटतं. वाटून द्यायचं असेल तेव्हाही तसंच, मेनू उघडताना 'आज कॉन्ट्री' एवढं पुरतं.

राहिलं 'पुढच्या वेळी माझ्याकडून'. हे वाक्य ज्याच्यासाठी खर्च झाला त्याने बोलायचं, खर्च करणाऱ्याने नाही. हिंदीत 'अगली बार मेरी तरफ़ से', गुजरातीत 'हवे पछी मारो वारो'. गुजरातीत 'वारो' म्हणजे पाळी. तुम्ही पैसे देऊन लगेच 'अगली बार तेरी तरफ़ से' म्हणालात, तर दिलेली मेजवानी उसनवारी होते. मित्र अवघडून खिशाकडे हात नेत असेल तर 'रहने दो' एवढंच तोडून बोलू नका, ते कोरडं लागतं. 'अरे छोड़ो, अगली बार देख लेंगे' म्हणा. त्यात त्याची पाळीही येते आणि कोणी मोजतही नाही. 'हिसाब बराबर' हे शब्द वाटणी झाल्यावर ठीक, पण कोणी खाऊ घातल्यावर कधीच नाही. हिंदीत ते बदला फिटल्यावरही म्हणतात.

पाळी कबूल करताना तिचा आकारही सांगून टाका. समोरच्याने चहा पाजला असेल तर 'अगली चाय मेरी'. जेवण दिलं असेल तर 'अगला खाना मेरी तरफ़ से'. नुसतं 'अगली बार' म्हटलं की एकाच्या डोक्यात चहा असतो, दुसऱ्याच्या डोक्यात शेवभाजी-भाकरीचं पूर्ण ताट. तारीख सांगता आली तर आणखी चांगलं. बऱ्हाणपूरच्या मित्राला 'अगला खाना मेरी तरफ़ से, दिवाली के बाद भुसावल आओगे तब' म्हटलं की तो ते लक्षात ठेवून येतो.