नदी वाढली तरी इतिवृत्त कोरडं

अभिनंदन. बोर्डाच्या जोखीम समितीचं इतिवृत्त लिहायचं काम तुमच्या गळ्यात पडलं आहे. शेअर बाजारात नोंदलेल्या, बाजारमूल्याने पहिल्या 1000 कंपन्यांना ही समिती ठेवावीच लागते आणि वर्षातून किमान दोनदा ती भरवावी लागते. म्हणजे वर्षातून किमान दोनदा तुम्ही वडोदऱ्यात एका थंडगार खोलीत बसणार, समोर लीलो चेवडो आणि चहा असणार, आणि चार मोठी माणसं कंपनीवर येऊ शकणाऱ्या संकटांविषयी शांतपणे बोलणार. ते बोलले त्यातलं कागदावर काय उतरतं, ते तुमच्या हातात आहे. कागदावर काहीच घडू नये, यासाठी मी इतक्या वर्षांत जे शिकलो ते सांगतो. उदाहरण आमच्याच कंपनीचं घेतो. नाव विचारू नका, विश्वामित्री नदीपासून फार लांब नाही एवढं पुरे.

आमच्या रिस्क रजिस्टरमध्ये चौदाव्या ओळीवर एकच शब्द होता: पूर. पहिला धडा इथेच घ्या. जोखीम नेहमी एका शब्दात लिहा. भाबडी माणसं ती कारण, घटना आणि परिणाम अशा तीन तुकड्यांत लिहितात. म्हणजे आजवा धरणाचं पाणी आणि शहरातला पाऊस एकाच वेळी नदीत आला, गोदामात पाणी शिरलं, तळमजल्यावरचं विजेचं पॅनल आणि जनरेटर बुडून उत्पादन थांबलं. असं लिहिलं की लगेच कळतं, आपण नेमकं काय अडवायला निघालोय. नुसतं ‘पूर’ लिहिलं की काहीही केलं तरी पुरावरच उपाय केल्यासारखं दिसतं.

मार्चमध्ये या ओळीचं मानांकन होतं शक्यता 4, परिणाम 5, गुणाकार 20. रंग लाल. लाल रंग बोर्डाला आवडत नाही, अध्यक्षांना तर त्याने ॲसिडिटीच होते. तेव्हा जून 2024 च्या बैठकीआधी प्रशासन विभागाने दोन उपाय सुचवले. पॅनल आणि जनरेटर चार फूट उंच चौथऱ्यावर चढवायचे, आणि पावसाळी गटाराच्या तोंडाला पाणी उलट येऊ न देणारा व्हॉल्व्ह बसवायचा. कोटेशन आली होती. ऑर्डर निघाली नव्हती. चौथऱ्याची एक वीटही आली नव्हती. पण रजिस्टरमध्ये ‘काम प्रगतीपथावर’ असा शेरा पडला आणि मानांकन झालं शक्यता 2, परिणाम 4, गुणाकार 8. रंग हिरव्याकडे झुकणारा पिवळा.

ही किमया समजून घ्या, कारण पुढची सगळी वर्षं तुम्हाला हीच करायची आहे. उरलेली जोखीम मोजताना बसवलेले आणि चालवून पाहिलेले उपायच धरायचे असतात. योजलेले उपाय धरल्यावर येणारा आकडा ‘लक्ष्य’ या वेगळ्या रकान्यात जातो. तुम्ही काय करायचं? ते दोन रकाने एकच करून टाकायचे. रजिस्टर सुटसुटीत केलं म्हणून कौतुकही होतं.

दुसरी गंमत शक्यतेच्या रकान्यात आहे. पॅनल चार फूट वर चढवलं म्हणून विश्वामित्री चार फूट खाली जात नाही. चौथऱ्यामुळे नुकसान कमी होतं, म्हणजे फार तर परिणाम 5 चा 3 होईल. शक्यता 4 ची 4 च राहते. व्हॉल्व्हमुळे गोदामात पाणी शिरण्याची शक्यता थोडी कमी झाली असती, पण आमच्या गोदामाचं फाटक रस्त्यापेक्षा खाली आहे, त्यामुळे पाण्याला गटारातून यायची गरजच नव्हती. प्रामाणिक हिशेब असा होता: आज 4 गुणिले 5, म्हणजे 20. चौथरा बांधून, जनरेटर त्यावर चढवून, एकदा चालू करून पाहिला की 4 गुणिले 3, म्हणजे 12. 8 कुठल्याच वाटेने येत नव्हता. म्हणून तो बैठकीत आणावा लागला.

बैठकीत एका सदस्यांनी युक्तिवाद केला की मोठा पूर शेवटी 2019 मध्ये आला होता आणि नंतरची चार वर्षं कोरडी गेली, म्हणजे शक्यता घटली आहे. त्या 31 जुलैला शहरात एका दिवसात जवळपास 20 इंच पाऊस पडला होता. काळा घोडा पुलाशी नदीची धोक्याची पातळी 26 फूट आहे आणि पावसाळ्यात वडोदऱ्यातला प्रत्येक माणूस तो आकडा क्रिकेटच्या स्कोअरसारखा विचारत असतो. तीस वर्षांत तो आकडा किती वेळा ओलांडला गेला, हे कुणीही तासाभरात काढू शकलं असतं. पण तुम्ही असले आकडे इतिवृत्ताला जोडू नका. ‘सदस्यांच्या अनुभवाच्या आधारे’ हा शब्दप्रयोग पुरतो. त्याला वरून पाणीही लागत नाही.

गुणाकाराचा तुम्हाला आणखी एक फायदा आहे. त्याच रजिस्टरमध्ये बाविसाव्या ओळीवर कँटीनमधल्या तक्रारी होत्या, शक्यता 4, परिणाम 2. गुणाकार 8. म्हणजे नदी आणि पातळ आमटी आमच्याकडे शेजारी शेजारी बसली. चर्चा अर्थातच आमटीवर जास्त झाली, कारण तिच्याविषयी प्रत्येकाला मत होतं.

आता जबाबदार व्यक्ती. त्या रकान्यात व्यक्तीचं नाव कधीही लिहू नका. ‘प्रशासन विभाग’ लिहा. विभाग रजेवर जात नाही, राजीनामा देत नाही आणि फोनही उचलत नाही. आमच्याकडे आधी एका माणसाचं नाव होतं. ते गृहस्थ मे महिन्यात नोकरी सोडून गेले, तेव्हा नाव खोडून विभाग लिहिला गेला. इतिवृत्तात हा बदल ‘जबाबदारीचं बळकटीकरण’ म्हणून नोंदवला. तो शब्द माझा, त्याचा मला आजही अभिमान आहे. आणि चुकून एखादं नाव लिहावंच लागलं, तर असा माणूस निवडा ज्याला दोन लाखांपर्यंतच खर्च मंजूर करता येतो. चौथऱ्याचं काम अठरा लाखांचं होतं. तो माणूस मनापासून पाठपुरावा करेल, आणि फाइल त्याच्याच टेबलावरून वर जाऊन खाली येत राहील.

मुदतीचा रकाना तर जादूचाच. मार्चच्या रजिस्टरमध्ये मुदत 30 एप्रिल, जूनच्या रजिस्टरमध्ये 31 जुलै, पुढच्या मसुद्यात 31 ऑक्टोबर. तिन्ही कागद कुणी शेजारी ठेवले तर पोरालाही कळेल की काम हललेलं नाही, फक्त तारीख चालते आहे. म्हणून समितीपुढे नेहमी ताजं रजिस्टरच ठेवा. मागच्याशी तुलना कुणी मागितलीच तर खाली जाणारा एक सुंदर बाण द्या.

मुख्य कला क्रियापदांत आहे. इतिवृत्त आमच्याकडे इंग्रजीत असतं, पण कर्ता पुसायची सोय मराठीतही उत्तम आहे. चर्चा ‘झाली’, नोंद ‘घेण्यात आली’, समाधान ‘व्यक्त करण्यात आलं’. जूनच्या बैठकीत आमच्या स्वतंत्र संचालक बाईंनी, वडोदऱ्याच्या मराठी वस्तीत, दांडिया बाजारात वाढलेल्या असल्यामुळे असेल, सरळ विचारलं, “चौथरा झालाय का? हो की नाही?” खोलीत एवढी शांतता पसरली की चेवड्यातला बटाटा चावल्याचा आवाज आला. सीएफओ म्हणाले, “मॅडम, चालूच आहे समजा.” बाई म्हणाल्या, “समजून पाणी थांबत नाही. आकडा उतरवायला माझी संमती नाही, तसं लिहा.”

इथे सावध राहा. कंपनी सेक्रेटरींच्या संस्थेच्या सेक्रेटरियल स्टँडर्डनुसार कुणी विरोध नोंदवला तर तो नावासकट लिहावा लागतो. मी लिहिलं: ‘एका सदस्यांनी अंमलबजावणीबाबत मौलिक सूचना केल्या, त्यांची नोंद घेण्यात आली.’ मग मसुदा पाठवण्याची वेळ आली. बैठक संपल्यापासून 15 दिवसांत तो सदस्यांना द्यायचा, त्यांनी 7 दिवसांत शेरे द्यायचे, आणि शेरा आला नाही तर त्यांना मान्य आहे असं धरायचं. मी पंधराव्या दिवशी संध्याकाळी पाठवला. बाई त्या आठवड्यात मुलीकडे परदेशात होत्या. तिसाव्या दिवसाच्या आत मजकूर इतिवृत्त पुस्तकात चढला, आणि एकदा चढला की त्यात फेरफार करता येत नाही. कंपनी कायद्याच्या कलम 118 खाली फेरफाराला दोन वर्षांपर्यंत कैद आहे. कायद्याबद्दल मला नितांत आदर आहे, म्हणून मी फेरफार कधीच करत नाही. जे धूसर लिहायचं ते पहिल्याच वेळी लिहितो.

ऑगस्टच्या शेवटी, जन्माष्टमीच्या सुमारास, विश्वामित्री 35 फुटांच्या वर गेली. आमच्या तळमजल्यावर छातीएवढं पाणी होतं. पॅनल आणि जनरेटर आपल्या जुन्या जागी, म्हणजे पाण्याखाली होते. कारखाना कित्येक दिवस बंद राहिला. विम्याचे सर्व्हेयर आले, त्यांच्या पाठोपाठ ऑडिटर आले, आणि दोघांनी जूनचं इतिवृत्त मागितलं. बैठकीत काय ठरलं याचा कायद्याने मानलेला पुरावा तोच असतो. त्यात लिहिलं होतं, पुराची जोखीम 20 वरून 8 वर आली असून समितीने समाधान व्यक्त केलं. बाईंनी आपल्या वहीत त्या दिवशीच तारखेसह सगळं टिपून ठेवलं होतं, हे मला नंतर कळलं. तेव्हा तुम्हाला एक जादा सल्ला: बैठकीला वही घेऊन येणाऱ्या सदस्यांची आसनं शक्यतो एसीच्या थेट झोताखाली ठेवा.

पुढच्या बैठकीत आम्ही मानांकन 8 वरून 25 वर नेलं आणि ‘हवामान बदलामुळे जोखमीत लक्षणीय वाढ’ असं लिहिलं. जोखीम जूनमध्येही तेवढीच होती, फक्त तेव्हा आकडा कोरडा होता. जबाबदार: प्रशासन विभाग. मुदत: पुढील पावसाळ्यापूर्वी. कुठला पावसाळा, हे मी मुद्दामच लिहिलं नाही.

त्याच बैठकीत रजिस्टरला एक नवी ओळ जोडली गेली. पाणी ओसरल्यावर गोदामाच्या मागच्या भिंतीशी मगर सापडली होती. पुराच्या दिवसांत वडोदऱ्यात हे नवं नाही. रात्रपाळीच्या वॉचमनने फाटक लावलं, बॅटरी तिच्यावर रोखून धरली, वनखात्याला फोन केला आणि ती पिंजऱ्यात जाईपर्यंत तिथून हलला नाही. सदतिसावी ओळ: मगर. जबाबदार म्हणून त्याचं पूर्ण नाव, मुदत त्याच रात्रीची, उपाय पूर्ण, उरलेली जोखीम 1. मानांकनासमोर हिरवा रंग भरताना अध्यक्षांनी विचारलं, “हा माणूस कुठल्या विभागात येतो?” कुणालाच माहीत नव्हतं. तो कंत्राटी होता.