विणकरांकडे ठेवलेले तीन हजार

"आधी वस्तुविनिमय होता. त्यात अडचणी आल्या म्हणून नाणी आली, मग नोटा, आणि शेवटी इंग्रजांनी आपल्याकडे बँका आणल्या. सातवीच्या उत्तरात एवढं पुरे."

पैसा आणि बँका कशा आल्या, याचं हे नेहमीचं उत्तर पहिल्याच पायरीवर अडतं. रोज तोंड पाहणारी माणसं गावात हातोहात अदलाबदल करत बसत नसत. आपलं बलुतंच घ्या. सुतार वर्षभर नांगर-पाभर दुरुस्त करून द्यायचा आणि त्या दिवशी काही न घेता घरी जायचा. सुगीला खळ्यावर त्याच्या वाट्याचं धान्य निघायचं. मधे महिने गेले, म्हणजे ही उधारी झाली. कॅरोलाइन हम्फ्री या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी 1985 मध्येच लिहिलं की निव्वळ वस्तुविनिमयावर चालणाऱ्या अर्थव्यवस्थेचं एकही उदाहरण नोंदलेलं नाही. अदलाबदल होते, पण बहुधा परक्यांशी, नाहीतर वापरातला पैसा आटला की.

नाण्यांचंही तसंच. मेसोपोटेमियात चांदी तोलून द्यायचे, शेकेल हे त्यांचं वजन, आजचे साधारण 8 ग्रॅम. कर्ज आणि व्याज मातीच्या पाट्यांवर लिहून ठेवलेलं आहे. आजच्या तुर्कस्तानातल्या लिडिया राज्याची नाणी इ.स.पू. सातव्या शतकातली, म्हणजे या हिशेबांनंतर हजाराहून जास्त वर्षांनी. नाण्याने वाचवला तो दर वेळचा तराजू.

नोटांबद्दल माझं भांडण नाही. बँकांबद्दल आहे, आणि त्यासाठी नाशिकच्या पांडवलेण्यात, 10 क्रमांकाच्या लेण्यापर्यंत चढून जावं लागेल.

तिथे क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे, वर्ष 42. तो शक संवत मानला तर इ.स. 120. त्याने भिक्षुसंघासाठी 3000 कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी, नाशिकजवळच्या गोवर्धनातल्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे त्यांच्या व्यवसाय-संघांकडे ठेवली. एका श्रेणीकडे 2000, दरमहा शेकडा एक व्याजाने. दुसरीकडे 1000, दरमहा शेकडा पाऊण. मूळ रक्कम परत मागायची नाही, फक्त व्याज वापरायचं, हे लेखात स्पष्ट आहे.

हिशेब करून पाहा. 2000 वर महिन्याला 20, वर्षाला 240. लेण्यात वर्षावासाला, म्हणजे पावसाळ्यातल्या मुक्कामाला, राहणाऱ्या 20 भिक्षूंना चीवरासाठी, म्हणजे वस्त्रांसाठी, प्रत्येकी 12 द्यायचे होते, तेही 240च. एक कार्षापण इकडे-तिकडे नाही! दुसऱ्या श्रेणीकडून वर्षाला 90 यायचे, ते भिक्षूंच्या किरकोळ खर्चाला.

आता, श्रेणी म्हणजे आजची बँक नव्हे. चेक नाही, शाखा नाही, विणकामच तिचा धंदा. बँक म्हणून निघालेली पेढी इंग्रजी अमलातच आली, कलकत्त्याची बँक ऑफ हिंदोस्तान 1770 ची. तेवढं वाक्य उत्तरात राहू द्या. पण ठेव, ठरलेला दर आणि कायमचं व्याज त्याआधी साडेसोळाशे वर्षं इथे होतं. शिवाय सगळा व्यवहार निगमसभेत, म्हणजे नगराच्या सभेत, जाहीर करून फलकावर नोंदवला, हेही त्याच भिंतीवर कोरलेलं आहे.