पॅगोडा भूकंपात का पडत नाहीत? त्या टांगलेल्या खांबाची गोष्ट अर्धीच खरी आहे

फिरत असलेली पोस्ट: "जपानमधले लाकडी पॅगोडे १४०० वर्षांत भूकंपाने एकदाही हलले नाहीत. सीक्रेट एकच, मधोमध टांगलेला खांब. तो लोलकासारखा झुलतो आणि सगळा भूकंप शोषून घेतो. एकही खिळा नाही. हीच आयडिया कॉपी करून टोकियो स्कायट्री उभा केला."

मी स्ट्रक्चरल डिझाइनमध्ये काम करतो आणि हा विषय मला मनापासून आवडतो. ही पोस्ट गेल्या महिन्याभरात तीन ग्रुपवर आली, म्हणून एकदाचं नीट लिहून टाकतो.

आधी खांबाचं बघू. जपानीत त्याला शिनबाशिरा म्हणतात. टांगलेला खांब खरंच आहे, निक्कोच्या तोशोगू देवस्थानातल्या पाच मजली पॅगोड्यात, चौथ्या मजल्यावरून साखळीने लटकवलेला आणि खालचं टोक जमिनीपासून साधारण १० सेंटिमीटर वर. पण हा पॅगोडा १८१८ चा आहे, आधीचा जळला म्हणून परत बांधलेला. नारा शहराजवळच्या होर्युजी या बौद्ध देवळाचा पॅगोडा त्याच्या हजारेक वर्षं आधीचा, आणि त्याचा खांब टांगलेला नव्हता, चक्क जमिनीत पुरलेला होता. जमिनीखालचा भाग कधीतरी कुजला आणि १९२६ मध्ये तिथे नुसती पोकळी सापडली, तरी पॅगोडा उभाच. मधल्या काळातल्या कित्येक पॅगोड्यांत खांब जमिनीपर्यंत येतच नाही, पहिल्या मजल्यावरच्या तुळईवर उभा असतो. म्हणजे पुरलेला, तुळईवर ठेवलेला, टांगलेला, तिन्ही प्रकार टिकलेत, मग टिकण्याचं श्रेय एकट्या टांगण्याला कसं देणार?

मग टांगला कशाला, तर पावसासाठी. लाकूड सुकताना रेषांना आडवं जास्त आकसतं आणि रेषांच्या दिशेने जवळपास आकसतच नाही. पॅगोड्याच्या प्रत्येक मजल्यात आडव्या लाकडांचे थरावर थर असतात, वरून कौलांचं वजन, त्यामुळे वर्षानुवर्षं अख्खी इमारत खाली बसत जाते. मधला खांब मात्र उभ्या रेषांचा, तो आहे तेवढाच राहतो. छप्पर खाली येतं, खांब जागेवर, की शेंड्याजवळ फट पडून पाणी आत! खांब वरून लटकवला की तो इमारतीबरोबरच खाली येतो, म्हणून खाली ती १० सेंटिमीटरची मोकळी जागा. खांबाचं मूळ काम वरचा धातूचा जड कळस पेलायचं आणि धार्मिक अर्थाने तोच स्तूपाचा गाभा, होर्युजीत त्याच्या पायाच्या दगडात अस्थिधातू ठेवलेत. भूकंपात तो काहीच करत नाही असं मी म्हणत नाहीये, मजले फार सरकले तर ते त्याला अडत असणार, पण तो किती मदत करतो यावर संशोधकांचं अजून एकमत नाही.

आणि सगळ्यात मोठा पुरावा चीनमध्ये आहे. शान्शी प्रांतातल्या यिंगश्यानचा लाकडी पॅगोडा, १०५६ सालचा, उंची ६७ मीटरच्या वर, आणि त्याला मधला खांबच नाही. मधोमध मोकळी जागा आहे, तिथे बुद्धमूर्ती बसवल्यात. त्यानेही शतकानुशतकं भूकंप झेलले.

मग काम करतं कोण? जोड. घरी जुनी लाकडी खाट असेल तर कूस बदलल्यावर येणारा कुर्र आवाज आठवा, तो आवाज म्हणजे सांध्यात लाकडावर लाकूड घासतंय. पॅगोड्यात बाजूच्या प्रत्येक खांबाच्या डोक्यावर एक चौकोनी ठोकळा, त्याच्या खाचेत एक आडवं लाकूड, त्याला हात म्हणू, त्या हातावर परत छोटे ठोकळे, त्यांच्यावर पुढचा हात, अशी उतरंड असते, आणि ठोकळा खालच्या लाकडावर एका छोट्या लाकडी खुंटीने जागेवर धरलेला असतो. पक्कं आवळलेलं फार कमी, बाकी सगळं वरच्या वजनाने दाबून बसलेलं. जमीन हलली की असे शेकडो सांधे थोडे थोडे सरकतात, घासतात, लाकूड लाकडात किंचित रुततं, आणि धक्क्याची ऊर्जा त्यातच जिरते. एका सांध्यात थोडीशीच, पण सांधे शेकडो.

दुसरी गोष्ट म्हणजे हे बाजूचे खांब एकसंध नाहीत. खालचा खांब वरपर्यंत जात नाही, प्रत्येक मजल्याचे खांब खालच्या मजल्याच्या छपराच्या लाकडांवर टेकलेले, पेटीवर पेटी ठेवल्यासारखे. जाड खांब थोडा कलला की एका कडेवर उभा राहतो आणि वरचं वजन त्याला परत सरळ ओढतं, जड पिंप जरा कलवून सोडून बघा म्हणजे कळेल. या ढिलेपणामुळे अख्खा पॅगोडा सावकाश डोलतो, एका झोक्याला साधारण सेकंदभर किंवा जास्त, आणि बऱ्याच भूकंपांचे जोरदार धक्के त्यापेक्षा भराभर येतात, त्यामुळे दोघांची लय जुळत नाही. लय जुळणारा संथ, लांब हेलकाव्यांचा भूकंप आला तर हा फायदा उरत नाही, हेही लक्षात घ्या.

खिळ्यांबद्दल थोडक्यात. होर्युजीचा पॅगोडा १९४२ ते १९५२ मध्ये पूर्ण सुटा करून दुरुस्त केला, आणि त्यात हाताने ठोकून घडवलेले लोखंडी खिळे आहेत, छपराचे वासे त्यांनीच धरलेत. मुख्य सांगाडा खाचा-खुंट्यांवर उभा आहे, एवढंच म्हणा. आणि लाकडात एवढं रुतणं-सरकणं होत राहतं म्हणून मधेमधे अशी सुटी करून दुरुस्तीही लागते.

टोकियो स्कायट्री या आधुनिक टॉवरमध्येही मधला खांब आहे, नावही शिनबाशिरावरूनच, पण तो काँक्रीटचा पोकळ दंडगोल, उंची ३७५ मीटर, आत जिना. १२५ मीटरपर्यंत टॉवरला पक्का जोडलेला आणि त्याच्या वर ऑइल डॅम्परने, म्हणजे तेलाने हेलकावे मुरवणाऱ्या नळकांड्यांनी. टॉवर आणि खांब वेगवेगळ्या लयीत हलावेत असा हिशोब करून तो केलाय. लोलकासारखं काम तिथे मुद्दाम डिझाइन केलंय, निक्कोच्या सुताराने ते केलं होतं असं त्यावरून ठरत नाही.

राहिलं "एकदाही हलले नाहीत". भूकंपाने कोसळलेले पॅगोडे खरंच फार थोडे, पण हलणं हेच तर त्यांचं काम, आणि त्यात इजाही होते. टोकियोच्या सेन्सोजीच्या पॅगोड्याचा कळस १८५५ च्या भूकंपात वाकला होता. तोच पॅगोडा १९२३ च्या महाभूकंपात उभा राहिला आणि १९४५ च्या बाँबहल्ल्यात जळाला. ओसाकाच्या शितेन्नोजीचा १९३४ च्या वादळात वाऱ्याने पाडला, क्योतोच्या तोजीचा चार वेळा जळाला, आत्ताचा १६४४ चा आहे. म्हणजे यांचे खरे शत्रू आग आणि वारा.

आणि यिंगश्यानचं तर अजून संपलेलं नाही. खांबांच्या मधे मातीच्या भिंती होत्या, आत तिरक्या लाकडांचा आधार. १९३० च्या दशकात गावातल्या लोकांनी त्या काढून जाळीची दारं बसवली. दिसायला सुंदर, पण तो आधार गेला आणि पॅगोडा कलायला लागला. सगळ्यात जास्त कललेत ते दुसऱ्या मजल्याचे खांब, आणि अख्खा पॅगोडा सुटा करून परत जोडायचा, वरचे मजले उचलून धरायचे की आहे तसाच आधार द्यायचा यावर तज्ज्ञांचा वाद कित्येक वर्षं चाललाय.