टोलनाक्यावर पैसे कापले जात नाहीत, तिथे फक्त टॅग वाचला जातो

सोलापूर-पुणे रस्त्यावर सावळेश्वर, वरवडे, सरडेवाडी, पाटस हे नाके आपल्या सगळ्यांच्या ओळखीचे. बॅरिअर उघडला नाही की बूथवरच्या पोराशी हुज्जत सुरू होते: "बॅलन्स आहे की रे, कापून घे ना!" माझं म्हणणं असं की ही हुज्जत चुकीच्या माणसाशी आहे. त्या पोराच्या हातात तुमचे पैसे कापायचं बटणच नसतं.

काचेवरच्या फास्टॅगमध्ये पैसे नसतात आणि बॅटरीही नसते. आत एक बारीक चिप आणि धातूची पातळ अँटेना असते. लेनवरच्या रीडरच्या रेडिओ लहरी (आपल्याकडे ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ) अँटेनावर पडल्या की तेवढ्याच ऊर्जेवर चिप जागी होते आणि आपला क्रमांक सांगते. रीडर तो क्रमांक, लेन आणि वाचल्याची वेळ नोंदवतो, टॅग चालू आहे का ते पाहतो आणि बॅरिअर उघडतो. पैशाची मागणी त्यानंतर निघते. नाक्याच्या बँकेकडून ती बँकांमधले व्यवहार जुळवणाऱ्या एनपीसीआय या संस्थेकडे जाते, तिथून टॅग देणाऱ्या तुमच्या बँकेकडे, आणि मग वॉलेटमधून रक्कम वजा होते. बॅरिअर उघडतो तो टॅगच्या स्थितीवर. पैसे येईपर्यंत तो थांबून राहत नाही. म्हणून मेसेज कधी लगेच येतो, तर कधी तुम्ही टेंभुर्णी ओलांडल्यावर.

प्रत्येक व्यवहाराला त्यामुळे दोन वेळा असतात, टॅग वाचल्याची आणि पैसे कापल्याची. पुढची सगळी भांडणं या दोन वेळांच्या मधल्या फटीतून निघतात. बँकांनी मेसेजमध्ये दोन्ही वेळा ठळक दिल्या असत्या तर निम्म्या तक्रारी झाल्याच नसत्या. तोवर ॲपमधल्या स्टेटमेंटमध्ये शोधाव्या लागतात.

टॅग वाचलाच गेला नाही, तर आधी काच बघा. टॅग आरशामागे, काचेच्या आतून, मधोमध आणि सपाट चिकटलेला हवा. काही गाड्यांच्या काचेत उष्णता अडवणारा धातूचा थर असतो आणि लहरी तिथेच अडतात. अशा काचेवर आरशाजवळ ठिपक्यांचा पट्टा सोडलेला असतो, टॅग तिथेच लावायचा. आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात डिंक सुटून कोपरा उचलतो. तो सोलून परत चिकटवू नका. टॅग मुद्दाम असा बनवलेला असतो की सोलताना अँटेना तुटावी. सुटा टॅग हातात धरून दाखवणाऱ्यांचे टॅग ब्लॅकलिस्ट करण्याचा नियम २०२५ पासून आहे, तेव्हा तो मार्गही बंद. बँकेकडून बदली टॅग मागवा. आणि पुढच्या गाडीला चिकटून उभे राहू नका. रीडर तुमचा टॅग आधी वाचतो आणि क्रम घसरतो.

आता वॉलेट. टॅग, गाडीचा नंबर, गाडीचा वर्ग आणि देणारी बँक यांची सांगड एनपीसीआयच्या नोंदीत असते. टॅग एक तर बँकेच्या प्रीपेड वॉलेटला जोडलेला असतो, नाहीतर थेट बचत खात्याला. सर्वात जास्त गोंधळ होतो तो रिचार्जच्या वेळी. पेमेंट ॲपमध्ये बँक निवडताना जुन्या टॅगची बँक निवडली जाते, किंवा पैसे त्या ॲपच्या स्वतःच्या वॉलेटमध्ये जातात आणि टॅगचं वॉलेट रिकामंच राहतं. खात्रीचा मार्ग म्हणजे टॅगचा यूपीआय आयडी. तो असा असतो:

```
netc.MH13XX1234@बँकेचं-हँडल
```

इथे स्वतःच्या गाडीचा नंबर मोकळी जागा न सोडता टाका. @ च्या पुढचं हँडल तुमच्या बँकेच्या ॲपमध्ये मिळेल. पैसे भरण्याआधी समोर येणारं नाव तुमचंच आहे ना, ते वाचा. सुरक्षा ठेव वेगळी असते, तिला बॅलन्समध्ये धरू नका. नवी गाडी घेतलेल्यांसाठी एक गोष्ट: शोरूममधला टॅग बऱ्याचदा चॅसिस नंबरवर दिलेला असतो. ९० दिवसांत नोंदणी क्रमांक जोडला नाही तर टॅग हॉटलिस्टमध्ये जातो आणि आणखी ३० दिवसांनी ब्लॅकलिस्टमध्ये. वॉलेटमध्ये हजार रुपये असले तरी उपयोग नाही.

रांगेत उभं राहून रिचार्ज चालतो का? फेब्रुवारी २०२५ पासून ६० मिनिटांचा आणि १० मिनिटांचा नियम आला आणि व्हॉट्सॲपवर घबराट पसरली. नियम इतकाच, की टॅग वाचण्याआधी ६० मिनिटांहून जास्त काळ ब्लॅकलिस्ट किंवा कमी बॅलन्समध्ये असेल आणि वाचल्यावर १० मिनिटांपर्यंत तसाच राहिला, तर व्यवहार १७६ या कोडने नाकारला जातो. राष्ट्रीय महामार्गांच्या नाक्यांवर टॅगची ताजी स्थिती दिसते, म्हणून लेनमध्ये शिरण्याआधीचा रिचार्ज तिथे चालतो, असं महामार्ग प्राधिकरणाने तेव्हाच स्पष्ट केलं. राज्य महामार्गांवर मात्र काही ठिकाणी टॅगच्या स्थितीची यादी उशिरा ताजी होते. तिथे तासभर आधी भरलेलं बरं.

आता सर्वात जास्त मनस्ताप देणारी गोष्ट, दोनदा गेलेले पैसे. समजा टोल १०० रुपये आहे. ९.१२ ला रीडरने टॅग वाचला, पण नाक्याच्या यंत्रणेत अडथळा आला आणि बॅरिअर उघडला नाही. मागे हॉर्न वाजायला लागले, म्हणून तुम्ही ९.१६ ला यूपीआयने १२५ रुपये दिले. टॅग चालत नसेल तर नोव्हेंबर २०२५ पासून यूपीआयने सव्वापट द्यावे लागतात. दुपारी मेसेज येतो: १०० रुपये वजा, वाचल्याची वेळ ९.१२. ९.१२ ची नोंद नाक्यावर पडून होती, ती नंतर पुढे गेली, एवढंच झालं.

हे १०० रुपये नाका परत देत नाही. तक्रार टॅग देणाऱ्या बँकेच्या ॲपमध्ये करायची, कारण तिथूनच ती एनपीसीआयमार्फत नाक्याच्या बँकेकडे जाते. व्यवहार निवडा, कारण म्हणून "दुसऱ्या मार्गाने पैसे दिले" हे घ्या, आणि पावतीचा फोटो जोडा. पावतीवर नाका, लेन, वेळ आणि गाडीचा नंबर दिसायला हवा. पावती घेतली नसेल तर तक्रारीला पायच नाही. जादा दिलेल्या २५ रुपयांसाठी राष्ट्रीय महामार्गांच्या १०३३ या हेल्पलाइनवर वेगळी तक्रार नोंदवा. खरं तर ते १२५ देण्याचीच वेळ येऊ नये. ७ मे २०१८ च्या नियमदुरुस्तीनुसार टॅग चालू आहे, बॅलन्स पुरेसा आहे आणि नाक्याची यंत्रणा बंद आहे, तर गाडी विनामूल्य सोडून शून्य व्यवहाराची पावती द्यायची असते. तिथल्या तिथे ॲपमधला बॅलन्स दाखवून ती मागा. हुज्जत घालायचीच असेल तर याच मुद्द्यावर घाला.

गाडी होटगी रोडवर घरी उभी आणि टोल कापला, असंही होतं. बूथवर हाताने नंबर टाकताना एक आकडा चुकला की दुसऱ्याचा टोल तुमच्या वॉलेटमधून जातो. याची तक्रार १०३३ वर, किंवा falsededuction@ihmcl.com वर मेल. अशा चुकीसाठी नाका चालवणाऱ्याला एक लाख रुपयांचा दंड आहे, त्यामुळे दखल घेतली जाते.

तुळजापूरला जाऊन संध्याकाळी परतणाऱ्यांनी तामलवाडीचे दोन मेसेज शेजारी ठेवून बघावेत. २४ तासांत परत आलात तर दोन्ही मिळून दीडपट लागतो, म्हणजे परतीला निम्मीच रक्कम. पूर्ण कापली असेल तर दोन्हींतली टॅग वाचल्याची वेळ पाहा. फरक २४ तासांच्या आत असला तर तेच स्टेटमेंट बँकेच्या तक्रारीला जोडा.