गृहिणीच्या मृत्यूची भरपाई: फिरत्या मेसेजमधले चार दावे

“बाई नोकरी करत नसेल तर अपघाती मृत्यूची भरपाई नावापुरतीच मिळते. कोर्ट वर्षाला 15,000 रुपये उत्पन्न धरतं, फार तर नवऱ्याच्या पगाराचा तिसरा हिस्सा. भविष्यातली पगारवाढ तिला लागूच होत नाही, कारण पगारच नाही. त्यापेक्षा विमा कंपनी देते ते 5 लाख घ्या आणि मोकळे व्हा.”

15,000 हा आकडा खोटा नाही, जुना आहे. 1994 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्याला दुसरी अनुसूची जोडली गेली. तीत बिनकमाईच्या व्यक्तीचं वार्षिक उत्पन्न 15,000 आणि बिनकमाईच्या जोडीदाराचं उत्पन्न कमावत्या जोडीदाराच्या एक तृतीयांश धरायला सांगितलं होतं. मे 2018 मध्ये ही अनुसूची बदलली, आणि कोणाची चूक सिद्ध न करता भरपाई देणाऱ्या ज्या कलम 163-अ साठी ती होती ते कलमही 1 एप्रिल 2022 पासून कायद्यात नाही. चालकाचा निष्काळजीपणा दाखवून कलम 166 खाली केलेल्या दाव्याला तर ही अनुसूची कधीच बंधनकारक नव्हती. लता वाधवा प्रकरणात, म्हणजे जमशेदपूरच्या 1989 च्या आगीच्या दाव्यांत, सर्वोच्च न्यायालयाने 2001 मध्येच गृहिणीच्या कामाचं मोल महिना 3,000 रुपये धरलं होतं.

एक तृतीयांशाचा निकष मात्र चिवट निघाला. 2010 च्या अरुणकुमार अगरवाल निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्याचा आधार घेतला, म्हणून तो आजही युक्तिवादात येतो. (त्याच निकालात, जनगणनेने गृहिणींना भिकारी आणि कैद्यांच्या रांगेत बसवल्याबद्दल ताशेरे आहेत. ते कोणी फॉरवर्ड करत नाही.) निकषातली खोट उघड आहे. हमालाच्या बायकोने आणि इंजिनिअरच्या बायकोने सारखाच स्वयंपाक, सारखंच मुलांचं आणि म्हाताऱ्यांचं केलं, तरी पहिलीचं काम स्वस्त ठरतं. 5 जानेवारी 2021 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या कीर्ती निकालात न्या. रमणा यांनी वेगवेगळ्या पद्धती मांडल्या. ती बाहेर काम करती तर काय कमावती, तिची कामं पगारी माणसांकडून करून घ्यायला किती लागतील, किंवा संसार ही भागीदारी मानून नवऱ्याच्या कमाईचा निम्मा वाटा. एकच पद्धत सक्तीची केलेली नाही. व्यवहारात अपघाताचे दावे ऐकणारी न्यायाधिकरणं बहुतेकदा किमान वेतनाकडे वळतात. फेब्रुवारी 2024 मध्ये तर सर्वोच्च न्यायालयाने विचारलं की गृहिणीचं उत्पन्न रोजंदारी मजुरापेक्षा कमी कसं धरता येईल. ते प्रकरण 2006 च्या अपघाताचं होतं आणि तिथे एकरकमी 6 लाख मिळाले. म्हणजे जुन्या अपघातांत आकडे लहानच राहतात, हेही खरं.

भावी वाढीबाबत मेसेज सपशेल चुकीचा आहे. प्रणय सेठी (2017) निकालात स्वयंरोजगार आणि ठरावीक पगाराच्या व्यक्तींसाठी 40 वर्षांखाली 40 टक्के, 40 ते 50 मध्ये 25 आणि 50 ते 60 मध्ये 10 टक्के वाढ ठरली. गृहीत धरलेल्या उत्पन्नावरही ही वाढ द्यायची, हे कीर्ती निकालाने स्पष्ट केलं. तरीही विमा कंपनीचा वकील ‘उत्पन्नच नाही तर वाढ कसली’ असं म्हणतो, आणि अर्जदाराच्या वकिलाने निकाल दाखवला नाही तर कधीकधी ते खपूनही जातं.

हिशेब प्रत्यक्ष मांडून पाहू. 2024 मधला अपघात, बाई 34 वर्षांची, मागे नवरा, दोन मुलं आणि तिच्यावर अवलंबून असलेली सासू. किमान वेतनाच्या आधारे न्यायाधिकरणाने महिना 12,000 धरले असं समजू. वर्षाचे 1,44,000 झाले. 40 टक्के वाढीने 2,01,600. अवलंबून असलेले चार, म्हणून तिच्या स्वतःच्या खर्चापोटी एक चतुर्थांश वजा, उरले 1,51,200. सरला वर्मा (2009) निकालातल्या तक्त्यात 31 ते 35 वयासाठी गुणक, म्हणजे वर्षाच्या रकमेला ज्याने गुणायचं तो आकडा, 16 आहे, तेव्हा 24,19,200. सहवासहानी, म्हणजे तिचा सहवास गमावल्याची भरपाई, नवरा आणि मुलांना प्रत्येकी द्यायची असते. मूळ 40,000 ची रक्कम दर तीन वर्षांनी 10 टक्क्यांनी वाढून 2023 पासून 48,400 झाली; नवरा आणि दोन मुलं मिळून 1,45,200. मालमत्तेची हानी, म्हणजे ती मागे ठेवू शकली असती त्या बचतीची हानी, आणि अंत्यसंस्कार, प्रत्येकी 18,150. एकूण 26,00,700, वर व्याज.

यात दोन जागी पैसा गळतो. पहिली जागा सासू. तिचं नाव अर्जात नसेल तर अवलंबून असलेले तीनच उरतात, वजावट एक तृतीयांश होते आणि एवढ्यानेच 2,68,800 रुपये कमी होतात. तिचं नाव असलेलं रेशन कार्ड आणि औषधोपचाराची कागदपत्रं जोडावीत. दुसरी जागा गुणक. तो मृत बाईच्या वयाने ठरतो, नवऱ्याच्या नव्हे, म्हणून शाळेचा दाखला किंवा जन्मदाखला लावलाच पाहिजे. शवविच्छेदन अहवालातलं वय अंदाजे असतं. तिथे 34 ऐवजी 36 पडलं की गुणक 15 होतो आणि या उदाहरणात दीड लाख जातात. वजावटीवरही वाद घालता येतो: दिल्ली उच्च न्यायालयाने 2012 मध्ये गृहिणीच्या विनामोल सेवेतून तिचा वैयक्तिक खर्च वजा करू नये असं म्हटलं होतं. सगळीकडे हे मान्य होत नाही, पण मागणी करून ठेवायला हरकत नाही.

नुकसान मात्र बऱ्याचदा कोर्टाच्या आधी, अर्ज भरतानाच होतं. ‘व्यवसाय: काही नाही, उत्पन्न: निरंक’ असं लिहिलं की पुढची उलटतपासणी तिथूनच सुरू होते. व्यवसाय ‘गृहिणी’ लिहावा आणि नवऱ्याच्या शपथपत्रात ती काय काय करायची ते कामानिशी मांडावं: स्वयंपाक, पाणी भरणं, मुलांचा अभ्यास, आजारी माणसाचं करणं, आणि तिच्यानंतर त्यातलं कुठलं काम पैसे देऊन करून घ्यावं लागतंय. शिवणकाम, डबे, दूध किंवा शेतमजुरी असेल तर तीही वेगळी लिहावी. महाराष्ट्रात किमान वेतनाचा विशेष भत्ता दर जानेवारी आणि जुलैला बदलतो, म्हणून अपघाताच्या तारखेला लागू असलेला दरतक्ता जोडावा, आजचा नव्हे. न्यायाधिकरणाने ‘गृहिणी, म्हणून उत्पन्न नाही’ असं म्हणत दावाच फेटाळला तर अपील करता येतं. विदर्भातल्या अशाच एका प्रकरणात 2020 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने तो आदेश रद्द करून 8,22,000 रुपये मंजूर केले.

आता ते 5 लाख. कलम 164 खाली मृत्यूसाठी ठरलेली ही रक्कम आहे आणि ती मिळवायला कोणाची चूक सिद्ध करावी लागत नाही. पण कलम 149 च्या, म्हणजे विमा कंपनीशी तडजोडीच्या पद्धतीने ती स्वीकारली की कलम 166 चा अर्ज संपुष्टात येतो. चूक तिच्याच वाहनाच्या चालकाची असेल किंवा पुरावा अगदी तोकडा असेल तर 5 लाख घेणं शहाणपणाचं ठरू शकतं. समोरच्या वाहनावर गुन्हा दाखल आहे आणि साक्षीदार आहे, अशा वेळी सही करण्यापूर्वी वरचा हिशेब स्वतःच्या आकड्यांनी करून पाहावा. आणि थांबूही नये: 1 एप्रिल 2022 पासून कायद्याने कलम 166 च्या अर्जाला अपघातापासून सहा महिन्यांची मुदत घातली आहे.