२५ टक्के म्हणजे २५० लिटर?

‘हजार लिटरची टाकी, काटा २५ टक्क्यांवर, म्हणजे २५० लिटर डिझेल, ताशी १० लिटरने २५ तास बोट चालेल.’

उभ्या, सरळ बाजूंच्या टाकीत हे जमतं. हर्णै-मालवणकडच्या बोटीत टाकी आडवी, गोल असेल तर नाही. काटा उंची मोजतो, लिटर नव्हे. गोल टाकी तळाला निमुळती, त्यामुळे पाव उंचीवर साधारण १९५ लिटरच असतात. त्यात इंजिनाकडे जाणारी नळी तळापासून दहा टक्के उंचीवर असेल, तर खालचे ५२ लिटर (गाळ-पाणी तिथेच साचतं) मिळतच नाहीत. उरले १४३, म्हणजे जेमतेम १४ तास. लाटांवर काटा नाचतो. वाचन बंदरात, बोट स्थिर असताना घ्या. टाकी रिकामी असताना ५०-५० लिटर ओतून पट्टीवर खुणा केल्या की हिशेबच नको.